हद्दीचा दगड आणि माया : एका वादाचा प्रकरण अभ्यास

साताऱ्यात आमचा सात-आठ जणांचा एक वाचनवर्ग आहे. दर गुरुवारी संध्याकाळी ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य वाचायचे, मूळ संस्कृत एका हाती आणि मराठी विवरण दुसऱ्या हाती, असा त्याचा साधा क्रम आहे. आठवड्याला एखादे सूत्र झाले तरी पुष्कळ झाले, असे आम्ही मानतो. या वर्गात भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक भूकरमापक येतात. त्यांना सगळे मोजणीदार म्हणतात, म्हणून येथेही तसेच म्हणतो. प्रस्तुत प्रकरण त्यांच्या शेतावरून सुरू झाले.

त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीला लागून चुलतभावाचा गट आहे. मधला बांध चारशे फूट लांबीचा आहे. दरवर्षी नांगर थोडा थोडा बांधात घालून चुलतभावाने तो मोजणीदारांच्या बाजूला पाच फूट सरकवला आहे, अशी त्यांची ठाम समजूत झाली होती. चहाच्या वेळी त्यांनी हा विषय काढला, तेव्हा वर्गातले ज्येष्ठ गुरुजी सहज म्हणाले, ''अहो, जमीन कोणाची आणि बांध कोणाचा? सगळी माया आहे. सोडून द्या.'' मोजणीदारांनी कप बशीत ठेवला आणि म्हणाले, ''गुरुजी, हेच एकदा माझ्या चुलतभावाला सांगा. माया सोडणे त्यालाही जमायला हवे, कारण पाच फूट जास्तीची माया सध्या त्याच्याकडे आहे.''

हसणे झाले, पण प्रश्न तसाच राहिला. जग माया असेल तर हद्दीचा प्रश्न शिल्लक राहतो का? राहत असेल, तर जगाला मिथ्या कोणत्या अर्थाने म्हणायचे? योगायोगाने आमचे वाचन तेव्हा दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, अठ्ठाविसाव्या सूत्रापाशी आले होते, आणि त्या सूत्रात शंकराचार्य नेमक्या याच प्रश्नाशी झुंजतात. पुढचे चार गुरुवार आम्ही बांध आणि भाष्य दोन्ही एकत्रच वाचले.

शब्दाची अडचण

गुरुजींचे चुकले ते आधी शब्दापाशी. मराठीत हा शब्द फार ठिकाणी वापरात आहे. आई माया करते, कोणी माया जमवतो, आणि शिंपी शिवणीत पुढे कपडा सैल करता यावा म्हणून माया ठेवतो. या सगळ्या माया खऱ्याच असतात. 'सगळी माया आहे' हे वाक्य मात्र आपण निरोपाच्या सुरात बोलतो आणि त्याचा अर्थ 'हे खोटे आहे, म्हणून मनावर घेऊ नका' असा धरतो. शंकराचार्यांच्या मांडणीत हा अर्थ बसत नाही.

ब्रह्मसूत्रांच्या मूळ पाठात 'माया' हा शब्द एकाच ठिकाणी येतो आणि तेथे विषय जगाचा नसून स्वप्नाचा आहे. तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातील तिसरे सूत्र सांगते की स्वप्नातील सृष्टी 'मायामात्र' आहे, कारण तिचे स्वरूप पूर्णपणे प्रकट झालेले नसते. 'ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या' हा सर्वांच्या तोंडी असलेला श्लोकचरण शंकराचार्यांच्या नावावर सांगितला जातो, परंतु उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि गीता या प्रस्थानत्रयीवरील त्यांच्या भाष्यांत तो सापडत नाही. याचा अर्थ त्यांचे मत वेगळे होते असा नाही. मात्र त्या मताची खोली या चार शब्दांवरून मोजता येत नाही, आणि मोजू गेल्यास गुरुजींच्या वाक्याशी येऊन थांबावे लागते.

मायावाद्याने जगाची बाजू घेतली

अठ्ठाविसावे सूत्र 'नाभाव उपलब्धेः' असे तीनच पदांचे आहे. बाह्य वस्तूंचा अभाव नाही, कारण त्यांची उपलब्धी होते, म्हणजे त्या अनुभवाला येतात, एवढाच त्याचा अर्थ. समोर विज्ञानवादी बौद्ध आहेत. त्यांचे म्हणणे असे की बाहेर वस्तू अशी काही नाही आणि जे आहे ते ज्ञानच आहे. निळा रंग आणि निळ्याचे ज्ञान ही कधीही वेगवेगळी सापडत नाहीत, नेहमी बरोबरच सापडतात, म्हणून ती दोन नाहीत. स्वप्नात बाहेर काही नसताना जसे बाहेर असल्यासारखे दिसते, तसेच जागेपणीही समजावे.

गुरुजींच्या तोंडून आलेला युक्तिवाद जवळजवळ हाच होता, आणि मोजणीदारांना वाटले होते की शंकराचार्य आता गुरुजींच्या बाजूने बोलतील. भाष्य मात्र उलट दिशेने जाते. आचार्य म्हणतात की प्रत्येक ज्ञानाबरोबर खांब, भिंत, घडा, वस्त्र असा कोणतातरी बाह्य पदार्थ उपलब्ध होतो, आणि जे उपलब्ध होते त्याचा अभाव म्हणता येत नाही. मग ते एक दृष्टान्त देतात. एखादा माणूस जेवत असावा, जेवणाने येणारी तृप्ती स्वतः अनुभवत असावा, आणि तरीही 'मी जेवत नाही आणि मला तृप्तीही होत नाही' असे म्हणत असावा. इंद्रियांनी बाह्य पदार्थ अनुभवत असताना तो नाही म्हणणाऱ्याचे बोलणे याच जातीचे आहे. आचार्यांच्या लेखणीतला हा विनोद कोरडा आहे, पण तो विनोदच आहे, असे माझे मत आहे.

विज्ञानवादी येथे एक पाऊल मागे घेतो. मला काही दिसत नाही असे मी म्हणत नाही, ज्ञानाहून वेगळे काही दिसत नाही एवढेच म्हणतो, असा त्याचा खुलासा असतो. त्यावर आचार्य उत्तर देतात की 'खांब' किंवा 'भिंत' म्हणून कोणालाही आपले ज्ञान दिसत नाही. खांब आणि भिंत ज्ञानाचे विषय म्हणूनच सर्वांना दिसतात. शिवाय विज्ञानवादी स्वतःच 'बाहेर असल्यासारखे' असे शब्द वापरतो. बाहेर काहीच माहीत नसेल तर 'बाहेर असल्यासारखे' म्हणण्याची सोयच उरत नाही, कारण 'विष्णुमित्र वांझेच्या मुलासारखा दिसतो' असे कोणी म्हणत नाही.

'बरोबरच सापडतात म्हणून एकच' या युक्तिवादाला आचार्य उत्तर देतात की ज्ञान हे साधन आणि वस्तू हे साध्य, एवढाच त्या सोबतीचा अर्थ आहे. त्यातून दोन्हींचे ऐक्य सिद्ध होत नाही. येथे मोजणीदारांनी आपल्या कामातले उदाहरण दिले आणि ते मला भाष्याइतकेच पटले. ते म्हणाले की मोजणीच्या वेळी शेत आणि नकाशा नेहमी बरोबरच वाचावे लागतात, नकाशाशिवाय कोणती वाट कोणत्या गटातून जाते हे कळत नाही, पण म्हणून शेत नकाशात आहे असे कोणी म्हणत नाही. नकाशा चुकू शकतो, आणि तो चुकला हे शेतावरूनच कळते. दोन्ही एकच असती तर चूक सापडण्याचा मार्गच राहिला नसता.

याच चर्चेत आचार्यांनी एक नियम सांगितला आहे. काय संभवते आणि काय संभवत नाही हे प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या, प्रवृत्तीवरून ठरते. संभव-असंभवाच्या आधीच बांधलेल्या कल्पनेवरून प्रमाणांनी कुठे जावे हे ठरत नाही. म्हणजे आधी पाहायचे, मग बोलायचे. हे वाक्य मोजणीदारांनी वहीत उतरवून घेतले. पुढे ते त्यांच्याच अंगावर आले.

स्वप्न आणि जागेपण

यापुढचे सूत्र 'वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्' असे आहे. स्वप्न आणि जागेपण यांचे धर्म वेगळे आहेत, म्हणून जागेपणीचे जग स्वप्नासारखे नाही. हे वैधर्म्य कोणते, तर पहिले बाधाचे, म्हणजे पुढच्या ज्ञानाने आधीचे ज्ञान रद्द ठरण्याचे. जाग आली की 'मला मोठ्या लोकसमुदायाची भेट झाली हे खोटे होते, माझे मन झोपेने मलूल झाले होते' असे माणूस स्वतःच म्हणतो. जागेपणी पाहिलेला खांब मात्र अशा रीतीने कोणत्याही अवस्थेत बाधित होत नाही, असे आचार्य म्हणतात. दुसरे वैधर्म्य असे की स्वप्नदर्शन ही स्मृती आहे आणि जागेपणीचे दर्शन ही उपलब्धी आहे. विषय समोर नसणे आणि असणे हा त्या दोहोंतला फरक आहे.

आमच्यातला जाणता वाचक येथे हात वर करणारच होता, आणि त्याने केला. परंपरेने आचार्यांचे परमगुरू मानलेल्या गौडपादांच्या माण्डूक्यकारिकेचे वैतथ्य प्रकरण जागेपणाला स्वप्नाच्याच पंक्तीत बसवते. तेथील शंकराचार्यांच्या नावचे भाष्य तर अनुमानच मांडते की जागेपणी दिसणारे पदार्थ दृश्य आहेत म्हणून स्वप्नातील पदार्थांप्रमाणे वितथ, म्हणजे अयथार्थ, आहेत. मग आचार्य एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरे बोलतात का?

या आक्षेपाला मी वरवर उत्तर देणार नाही, कारण मायेविषयीचा सगळा गोंधळ याच सांध्यात आहे. उत्तर स्वतः आचार्यांनी तिसऱ्या अध्यायात, स्वप्नसृष्टीच्या त्या 'मायामात्र' सूत्राभोवती दिले आहे. तेथे ते विचारतात की स्वप्नातल्या रथाला योग्य जागा कोठे आहे. एवढ्याशा देहाच्या आत रथ मावत नाही. काळही जुळत नाही, कारण रात्री झोपलेल्याला दिवस वाटतो. कारणसामग्रीही नाही, कारण डोळे मिटलेले आहेत, आणि क्षणात रथ घडवण्याचे सामर्थ्य कोठून यावे व लाकूड कोठून आणावे? शेवटी स्थैर्यही नाही. 'हा रथ' म्हणून ठरवावे तो क्षणात माणूस होतो, आणि माणूस म्हणावा तो क्षणात झाड होतो. देश, काळ, निमित्त आणि अबाध या चार कसोट्यांवर स्वप्न उतरत नाही, म्हणून ते मायामात्र ठरते.

यापुढचे वाक्य निर्णायक आहे. आचार्य म्हणतात की आकाशादी सृष्टीलाही आत्यंतिक सत्यत्व नाही. तरीही ब्रह्मात्मतेचे ज्ञान होईपर्यंत आकाशादी प्रपंच व्यवस्थित रूपाने, आपल्या नियमांनी टिकून राहतो. स्वप्नाचा प्रपंच मात्र दररोज बाधित होतो. आता कारिकेतले आणि सूत्रभाष्यातले बोलणे जुळते. ब्रह्माशी तुलना केली तर स्वप्न आणि जागेपण दोन्ही दृश्य आहेत आणि दोन्ही बाधित होणारी आहेत. एकमेकांशी तुलना केली तर त्यांच्यात कसोटीला उतरणारे आणि न उतरणारे असा भेद आहे, आणि कारिकेतल्या तुलनेने तो पुसला जात नाही.

पुढच्या काळातील वेदान्तींनी यावरून सत्तेचे तीन थर नीट मांडले. कधीही बाधित न होणारी ती पारमार्थिक सत्ता, ब्रह्मज्ञानापर्यंत बाधित न होणारी ती व्यावहारिक, आणि व्यवहारातच बाधित होणारी ती प्रातिभासिक. दोरीवर दिसलेला साप शेवटच्या थरात येतो आणि दोरी मधल्या. या तिन्हींच्या बाहेर असत् उरते, म्हणजे वांझेचा मुलगा किंवा सशाचे शिंग, जे कधी कोणाला दिसलेलेच नाही. 'सत् असते तर बाधित झाले नसते, असत् असते तर दिसले नसते' अशा अर्थाचे वचन परंपरेत प्रसिद्ध आहे. जे दिसते आणि तरीही बाधित होते, ते या दोहोंहून वेगळे, म्हणून अनिर्वचनीय, म्हणून मिथ्या. मराठीतला 'खोटे' हा शब्द येथे कामाचा नाही, कारण सशाचे शिंग आणि दोरीवरचा साप या दोहोंना आपण खोटेच म्हणतो आणि नेमका हवा असलेला भेद पुसून टाकतो.

गुरुजींच्या वाक्याची तपासणी

एवढ्या सामग्रीवर आता बांधाकडे परत जाता येते. पाच फूट जमीन, ती नांगरणारा चुलतभाऊ, मोजणीदार, त्यांचा राग आणि गुरुजींचा सल्ला हे सगळे एकाच थरावर, व्यवहारात आहे. मिथ्यात्व लागू करायचे तर ते या सगळ्यांना एकदम लागू होते. गुरुजींनी ते फक्त हद्दीला लावले आणि सल्ल्याला वगळले. त्याच क्षणी त्यांचा 'माया' हा शब्द वेदान्तातला राहिला नाही आणि व्यवहारातलाच एक पक्ष झाला, तोही, नकळत का होईना, चुलतभावाचा.

असा घोळ ओळखण्याची एक सोपी खूण आहे. मिथ्या म्हणून कोणती वस्तू वगळली आणि कोणती ठेवली, हे पाहावे. निवड झालेली दिसली की समजावे, शब्द चुकीच्या थरावर वापरला गेला आहे. शंकराचार्यांमागे हत्ती सोडल्याची सांगोवांगी कथा सर्वांना माहीत आहे. हत्ती मिथ्या आहे तर पळालात का, असे विचारल्यावर आचार्यांनी 'पळणेही मिथ्याच' असे उत्तर दिल्याचे सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यातले उत्तर तर्काने अचूक आहे. हत्ती आणि पळणे यांचा थर एक आहे, आणि त्या थरावर हत्तीसमोर उभे राहणे हा मूर्खपणा आहे. ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच आचार्य सांगतात की काठी उगारलेला माणूस पाहून गाय मागे सरते आणि हिरवे गवत हाती असलेला पाहून पुढे येते, आणि व्यवहारात विद्वानही याहून वेगळे वागत नाहीत.

मग मिथ्या म्हणण्याने काय साधते, हा उरलेला प्रश्न. येथे मातीचाच दृष्टान्त उपयोगी पडतो, आणि तो उपनिषदाचा आहे. छान्दोग्याच्या सहाव्या अध्यायात आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो की मातीचा एक गोळा जाणला की मातीचे सगळे जाणले जाते, विकार हे वाणीने उभे केलेले नाव आहे आणि माती एवढेच सत्य. घडा नाही असे तो सांगत नाही. घडा मातीला सोडून नाही, एवढे सांगतो. घड्याची सत्ता मातीची आहे, आणि म्हणूनच घडा पूर्णपणे 'नाही' म्हणता येत नाही, कारण तसे म्हणायचे तर माती नाही म्हणावी लागेल. जग मिथ्या याचा अर्थ जगाला ब्रह्माहून वेगळी, स्वतःची अशी सत्ता नाही. ब्रह्म म्हणून ते सत्यच आहे.

मोजणीदारांनी लगेच हद्द पुढे केली. ते म्हणाले, ''माझा गट आणि त्याचा गट, दोन्हींखाली माती एकच. खणून पाहा, रेघ कुठेच सापडणार नाही. तरी मी उद्या त्याच्यात दोन फूट शिरलो, तर कोर्ट मला सोडणार नाही. म्हणजे रेघ मातीत नाही, मातीवाचूनही नाही, आणि ती नाही म्हणावी तर निकाल लागतो.'' अनिर्वचनीयाची याहून चांगली व्याख्या मी वर्गात ऐकलेली नाही.

परंतु या दृष्टान्ताची मर्यादा त्यांनीच पुढच्या गुरुवारी दाखवून दिली. हद्द माणसांनी आखलेली आहे, उद्या दोघांनी मिळून गट एकत्र केला तर ती जाईल, पण अजिंक्यताऱ्याचा डोंगर कोणी आखला? दोघांनी ठरवून तो जाणार नाही. प्रश्न बिनचूक होता. हद्दीच्या दृष्टान्तावर थांबलो, तर जग हा माणसांचा आपसातला संकेत आहे असे वाटू लागते, आणि हे अद्वैताचे मत नाही.

याला उत्तर पंचदशी या वेदान्तग्रंथाच्या चौथ्या, द्वैतविवेक प्रकरणात आहे. 14व्या शतकातील विद्यारण्य तेथे ईश्वराने केलेले द्वैत आणि जीवाने केलेले द्वैत असे दोन भाग करतात. एकच रत्न एकाला मिळते म्हणून तो हर्षतो, दुसऱ्याला मिळत नाही म्हणून तो रागावतो, आणि विरक्त माणूस ते नुसते पाहतो. रत्न ईश्वराचे, त्यातले प्रिय-अप्रियपण जीवाचे. त्याच प्रकरणात दूरदेशी गेलेल्या मुलाची गोष्ट येते. मुलगा सुखरूप असताना कोणी लबाडाने तो गेल्याचे सांगितले, तर बाप रडतो. मुलगा खरोखर गेला आणि बातमी आली नाही, तर बाप रडत नाही. बंध घालणारे द्वैत कोणते, हे यावरून विद्यारण्य ठरवतात. बंध जीवाच्या सृष्टीत आहे, म्हणून निवृत्ती तिची हवी. ईश्वराची सृष्टी तर ज्ञान मिळवायलाही लागते, गुरू आणि शास्त्र तिच्यातच आहेत, त्यामुळे ती मोडण्याचा आटापिटा व्यर्थ आहे.

डोंगर, माती, पाऊस हे ईश्वरसृष्टीतले. 'माझे पाच फूट' यातले 'माझे' आणि त्यामागची रात्रभराची तळमळ हे जीवसृष्टीतले. गुरुजींना खरे तर एवढेच सांगायचे असावे की तळमळ सोडा. त्यांनी तळमळीऐवजी जमीन सोडायला सांगितली, आणि वाद तेथे झाला. हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली, पण 'तळमळ सोडली की जमिनीचा हट्ट कितीसा राहतो' असेही विचारले. या प्रश्नात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक बांधावर वेगळे येईल.

बाध म्हणजे नाहीसे होणे नव्हे

आणखी एक समज येथे दूर करावा लागतो. ज्ञान झाले की जग दिसेनासे होते, असे पुष्कळांना वाटते, आणि ज्ञानी माणूस अजून भाकरी खातो हे पाहून त्यांना शंका येते. चौथ्या अध्यायात आचार्य म्हणतात की बाधित झालेले मिथ्याज्ञानही दोन चंद्र दिसण्याप्रमाणे संस्कारामुळे काही काळ चालू राहते. डोळ्याच्या दोषामुळे दोन चंद्र दिसणाऱ्याला चंद्र एकच आहे हे पक्के कळले, तरी दिसायचे दोनच.

मोजणीदारांनी याला दुजोरा दिला तो मोजणीच्या मैदानावरचा. उन्हाळ्यात दुपारी अकरानंतर दूर रोवलेल्या झेंडीकडे यंत्रातून पाहिले, तर तिचा खालचा भाग पाण्यात हलावा तसा थरथरतो. तापलेल्या जमिनीवरच्या हवेमुळे हे होते. झेंडी हलत नाही हे त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होते, आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत ती हलतानाच दिसली. फरक एवढाच झाला की नवशिका असताना ते झेंडी धरणाऱ्यावर ओरडत, आणि पुढे लांबची निरीक्षणे सकाळी उरकून घेऊ लागले. दिसणे तेच राहिले, त्या दिसण्यावरून निघणारे वागणे बदलले. बाधाचा परिणाम नेमका येथे होतो.

मराठी वाचकाने येथे ज्ञानदेवांची आठवण ठेवणे योग्य होईल, पण त्यांना शंकराचार्यांच्या वाटेने चालायला लावू नये. अमृतानुभवात त्यांनी एक संपूर्ण प्रकरण अज्ञानाच्या खंडनाला दिले आहे. 65 ओव्यांच्या चांगदेव पासष्टीच्या पहिल्याच ओवीत 'जगदाभासु' हा शब्द येतो, परंतु लपून जगाचा आभास दाखवणारा आणि प्रकट होऊन तो ग्रासणारा तेथे परमात्मा श्रीवटेशच आहे. सोनेपणात काही उणे न येता सोन्याचा दागिना व्हावा, तसे स्वतः न खर्चता जग झालेला असा तो आहे. आभास हा शब्द दोघांकडे आहे, पण एकाला तो समजावण्यासाठी अविद्या लागते आणि दुसऱ्याला ती लागत नाही. जग तुच्छ नाही, यावर मात्र दोघांचे एकमत आहे.

मोजणी

मोजणीदारांनी शेवटी रीतसर हद्दकायम मोजणीचा अर्ज केला. लगतधारक म्हणून चुलतभावाला नोटीस गेली. ठरल्या दिवशी यंत्र लागले, जुने टिपण आणि नकाशा काढले गेले, आणि दोघेही आपापल्या बाजूला छत्री घेऊन उभे राहिले.

पाच फुटांची समजूत एका बाभळीवरून झाली होती. लहानपणी ही बाभूळ बांधावर होती असे मोजणीदारांना पक्के आठवत होते, आणि आता बांध तिच्यापासून पाच फूट आत आला होता. टिपणाप्रमाणे जुना हद्दीचा दगड शोधून खणला, तेव्हा तो बाभळीपासून तीन फूट आत निघाला. बाभूळ कधीच हद्दीवर नव्हती. पूर्वेच्या टोकाला चुलतभाऊ दोन फूट आत आला होता हे खरे निघाले. पश्चिमेच्या टोकाला मात्र मोजणीदारांचाच बांध दीड फूट चुलतभावाच्या गटात गेला होता. चारशे फुटांत रेघ मधे कुठेतरी ओलांडली गेली होती, आणि हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हते.

पुढच्या गुरुवारी ते हे सांगत असताना मी त्यांना वहीतल्या वाक्याची आठवण करून दिली. ते म्हणाले की चौतीस वर्षे दुसऱ्यांना 'आधी मोजू, मग बोलू' असे सांगत आलो, आणि स्वतःच्या बांधावर आठवणीवरूनच निकाल दिला. स्मृती आणि उपलब्धी यांचे वैधर्म्य त्यांना आता सूत्राबाहेरही कळले होते. स्मृती म्हणजे स्वप्न असे येथे म्हणायचे नाही, पण तिच्यासमोर विषय नसतो, आणि म्हणून उपलब्धीने तिला दुरुस्त करता येते. सगळेच सारखे खोटे असते, तर पाच फूट, दोन फूट आणि उलट दीड फूट यांत कोणता आकडा खरा हे विचारण्यात अर्थ राहिला नसता, आणि मोजणीदारांना आपली चूक कधी सापडलीही नसती.

दोघा भावांनी नव्या खुणांवर दगड बसवले. खर्च निम्मा निम्मा केला. बाभूळ चुलतभावाच्या वाट्याला गेली, आणि तिच्या शेंगा मात्र मोजणीदारांच्या शेळ्या पूर्वीप्रमाणेच खातात.